सोनं किती, खडे किती

२०११ साली मी खडे आणि मोती बसवलेल्या झुब्यांचा एक जोड घेतला. बिलावर एकच ओळ होती: ‘झुबे, १ जोड, वजन ९.२००’. तिच्यापुढे त्या दिवसाचा भाव, मग मजुरी आणि खाली एकूण रक्कम. मी पैसे दिले, डबी पर्समध्ये टाकली आणि घरी आले. अकरा वर्षांनी ते झुबे मोडीत घालायला दुसऱ्या एका पेढीवर नेले. तिथल्या सराफांनी ते काट्यावर ठेवले, भिंगातून निरखून पाहिले आणि म्हणाले, “ताई, यातले एक ग्रॅम नऊशे वजा होतील. खडे आणि मोत्यांचे.”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. खड्याला सोन्याचा भाव कोण देईल? पण मी तो दिला होता. अकरा वर्षांपूर्वी त्याच एक ग्रॅम नऊशेचे पैसे मी सोन्याच्या भावाने मोजले होते, आणि बिलावर खड्यांचा उल्लेखच नसल्यामुळे आता ते कुणाला दाखवताही येत नव्हतं. घेताना खडे सोन्यात धरले गेले आणि देताना खडे म्हणून बाजूला पडले. तेव्हापासून मी सराफाचं बिल ओळ-ओळ वाचते, आणि घरात कुणाचं मोठं सोनं घ्यायचं असलं की मला बरोबर नेतात.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी गंठण घ्यायचं ठरलं. बिल वाचायला शिकायचं तर गंठणासारखा दागिना नाही, कारण त्यात सगळंच असतं: सोन्याची तार आणि मणी, काचेचे काळे मणी, आणि खाली खड्यांचं पदक. दुकानदाराने आधी कच्चा हिशेब कागदावर मांडून दिला. त्यातली वजनं इथे जशीच्या तशी देते. भाव मात्र वाचणाऱ्याला आकडेमोड सोपी जावी म्हणून बावीस कॅरेटला ग्रॅममागे सरळ १०,००० रुपये धरते आणि बाकीच्या रकमा त्याच हिशेबाने.

एकूण वजन (ग्रॉस): २४.८६० ग्रॅम
काळे मणी वजा: ३.४२० ग्रॅम
खडे वजा: ०.९४० ग्रॅम
निव्वळ वजन (नेट): २०.५०० ग्रॅम
घट (वेस्टेज) ८ टक्के: १.६४० ग्रॅम
आकारणीचं वजन: २२.१४० ग्रॅम
सोन्याची किंमत: २,२१,४०० रुपये
मजुरी, ग्रॅमला ४५० प्रमाणे: ९,२२५ रुपये
खडे आणि मणी: २,६०० रुपये
बेरीज: २,३३,२२५ रुपये
जीएसटी ३ टक्के: ६,९९६.७५ रुपये
हॉलमार्क, करासह: ५३.१० रुपये
एकूण: २,४०,२७५ रुपये

पहिली ओळ ग्रॉस वजनाची. दागिना जसा आहे तसा, खड्यामण्यांसकट काट्यावर ठेवल्यावर जे भरतं ते ग्रॉस. ही एवढी एकच ओळ अशी आहे की जी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काट्यावर पाहू शकता, म्हणून ती पाहायलाच हवी. दागिना ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का, काचेचं झाकण लावलंय का, एवढं बघायचं. पंख्याच्या वाऱ्यानेही शेवटचे आकडे हलतात. आणि दागिन्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आधी सोडायला सांगायची. चिठ्ठी आणि दोरा मिळून एक दशांश ग्रॅम भरला तरी या भावाने ते हजार रुपये होतात. भाचीच्या गंठणाच्या वेळी मी चिठ्ठी सोडायला सांगितली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने काही न बोलता कात्री घेतली. चांगल्या पेढीवर यात कुणाला राग येत नाही.

चिठ्ठी सोडली तरी ती फेकू द्यायची नाही. तिच्यावर बारीक अक्षरात तीन आकडे असतात: ग्रॉस, नेट आणि खड्यांचं वजन. हे आकडे दागिना पेढीवर आला त्या दिवशी लिहिलेले असतात, गिऱ्हाईक समोर बसल्यावर नाही. बिलावरचे आकडे आणि चिठ्ठीवरचे आकडे जुळले पाहिजेत. ग्रॉस जुळला आणि नेट जुळला नाही, तर तिथेच थांबून विचारायचं.

आता वजावटीच्या दोन ओळी. माझ्या मते अख्ख्या बिलातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही आहे, आणि लोक सगळ्यात कमी बघतात तीही हीच. कारण साधं आहे. ग्रॉस काट्यावर दिसतो, भाव फलकावर दिसतो, पण खडा एकदा कोंदणात बसला की त्याचं वजन करता येत नाही. ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून घ्यावं लागतं. नीट काम करणारा कारागीर खडे बसवण्याआधी नुसता सोन्याचा साचा तोलतो, खडे बसवून झाल्यावर पुन्हा तोलतो आणि फरक लिहून ठेवतो. हाच फरक चिठ्ठीवर येतो. पण हे टिपण कुठेतरी हरवलं, किंवा मुळात ठेवलंच गेलं नाही, तर मग अंदाज सुरू होतो. आणि अंदाज बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या बाजूने चुकतो, कारण खड्याचं वजन कमी धरलं की तेवढं सोनं वाढतं.

या गंठणात ०.९४० ग्रॅमचे खडे वजा केलेच नसते, तर काय झालं असतं ते बघा. तेवढ्या वजनाचे सोन्याच्या भावाने ९,४०० रुपये. त्यावर आठ टक्के घट, म्हणजे ७५२. त्यावर मजुरी ४२३. झाले १०,५७५ रुपये, आणि त्यावर तीन टक्के कर धरून १०,८९२. आणि त्याच खड्यांची किंमत खाली ‘खडे आणि मणी’ या ओळीत वेगळी लागलेली असतेच. म्हणजे एकाच खड्याचे दोनदा पैसे, त्यातले एकदा सोन्याच्या भावाने. माझ्या झुब्यांत हेच झालं होतं.

मग गिऱ्हाइकाने काय करायचं? काळ्या मण्यांच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे, आणि ती मी त्या दिवशी करून पाहिली. गंठण पुन्हा ओवून द्यावं लागतं म्हणून प्रत्येक पेढीवर त्याच मापाच्या मण्यांची पुडी असते. मी म्हटलं, “काका, यातले वीस मणी जरा काट्यावर टाकता का?” त्यांनी टाकले. ०.३८० भरले. भाचीने तोवर गंठणातले काळे मणी मोजले होते, एकशे ऐंशी. वीस मण्यांचे ०.३८०, तर एकशे ऐंशीचे नऊपट, म्हणजे ३.४२०. बिलावर नेमकं तेवढंच होतं. काका हसले आणि म्हणाले, “ताई, असं कुणी बघत नाही हो. पण बघावं.” त्यानंतर पुढचा अर्धा तास त्यांनी आम्हाला मनापासून वेळ दिला.

मणी काचेचे, एका मापाचे असल्यामुळे हे जमतं. थोडा फार फरक पडणारच, कारण सगळे मणी अगदी सारखे नसतात. पण आकडा निम्मा निघाला तर तो फरक नव्हे. खड्यांना ही युक्ती तितकीशी लागू पडत नाही. तरी एका मापाचे लाल किंवा पांढरे खडे असतील तर पेढीवर त्यांचीही सुटी पुडी असते. खड्याचं वजन कॅरेटमध्ये सांगितलं तर गोंधळायचं नाही. खड्याच्या हिशेबात एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. सोन्याच्या ‘बावीस कॅरेट’शी त्याचा काही संबंध नाही, तो शब्द शुद्धतेचा आहे आणि हा वजनाचा. या गंठणातले खडे ४.७ कॅरेट, म्हणून ०.९४० ग्रॅम. खड्याची किंमत कॅरेटवर लावली असेल आणि वजावट ग्रॅममध्ये केली असेल, तर दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढा एक गुणाकार करून बघायचा. किंमत साडेचार कॅरेटची आणि वजावट अर्ध्या ग्रॅमची असेल, तर चारशे मिलिग्रॅम खडे सोन्यात गेले असं समजायचं.

लाखेच्या दागिन्यात हीच अडचण आणखी वाढते. बोरमाळेचे किंवा मोहनमाळेचे पोकळ मणी आतून लाखेने भरलेले असतील तर लाख दिसतच नाही, आणि तिचं वजन नंतर काढणंही अवघड. असा दागिना घेताना बिलावर ‘लाख वजा’ अशी वेगळी ओळ मागायचीच. ती लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर मी तो दागिना घेत नाही. बोरमाळ दुसरीकडेही मिळते.

इथे हॉलमार्कबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी सुशिक्षित घरांतही ऐकते: “हॉलमार्क आहे ना, मग काळजी कशाला?” हॉलमार्क शुद्धतेची खात्री देतो. दागिन्यात जे सोनं आहे ते बावीस कॅरेटचं आहे, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं आहे, एवढं तो सांगतो. पण त्या दागिन्यात सोनं आहे किती ग्रॅम आणि खडे किती ग्रॅम, याबद्दल त्या शिक्क्यात काहीच नाही. ते सांगणारा कागद एकच, बिल. म्हणून भारतीय मानक ब्युरोच्या नियमात हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर प्रत्येक नगाचं वर्णन, मौल्यवान धातूचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, आणि हॉलमार्कचा आकार हे सगळं वेगवेगळं लिहायला सांगितलं आहे. माझ्या झुब्यांच्या बिलासारखं ‘वजन ९.२००’ एवढंच लिहिलेलं बिल आज कुणी दिलं, तर ते परत करून नीट मागायचा तुमचा हक्क आहे.

शिक्क्याचंही एकदा पाहून घ्यायचं. २०२१ पासून दागिन्यावर तीन खुणा असतात: मानक ब्युरोचं चिन्ह, 22K916 अशी शुद्धता, आणि सहा अक्षरांकड्यांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक नगाला वेगळा. फोनवरच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की कोणत्या सराफाने, कोणत्या केंद्रात, काय वस्तू म्हणून शिक्का मारून घेतला ते दिसतं. तुमच्या हातात गंठण आहे आणि अ‍ॅप अंगठी म्हणतंय, तर काहीतरी चुकलं आहे. शिक्का असूनही सोनं कमी शुद्धतेचं निघालं, तर त्या कमतरतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमात आहे. पण ती मागायला पक्कं बिल लागतं.

भावाची ओळ लवकर वाचून होते. दुकानातल्या फलकावर चोवीस आणि बावीस कॅरेटचे दोन भाव असतात. बिलात बावीसचा लागला आहे ना, आणि आजचा लागला आहे ना, एवढंच बघायचं. चोवीसचा भाव १०,९०० असेल तर त्याला ०.९१६ ने गुणलं की दहा हजारांच्या आसपास येतं. बावीसच्या दागिन्याला चुकून चोवीसचा भाव लागला, तर याच गंठणात सोन्याच्या किमतीत अठरा हजारांहून अधिक फरक पडतो. आठवडाभर आधी भाव बांधून पैसे भरले असतील, तर त्याची पावती बरोबर न्यायची.

आता घट. हा शब्द ऐकला की बहुतेक जण मान डोलावतात, कारण सोनार काम करताना सोनं थोडं उडतंच, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. आणि ते खोटं नाही. सोन्याची लगड वितळवली, तार ओढली, पत्रा कापला, कानस मारली, झाळून जोड दिले, पॉलिश केलं, तर प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सोनं कमी होतं. पूर्वी गिऱ्हाईक स्वतःचं सोनं सोनाराला द्यायचं आणि त्यातूनच दागिना घडायचा. तेव्हा दिलेलं वजन आणि मिळालेलं वजन यात फरक पडायचा, आणि तो फरक म्हणजे घट. हिशेब सरळ होता. पण उडालेलं सोनंही सगळं वाया जात नसे. सोनाराच्या ओट्यावरचा केर, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी, हे सगळं जपून ठेवलं जाई आणि झारेकरी ते धुऊन त्यातून सोनं काढत. गावोगावच्या सराफकट्ट्यांवर हा एक स्वतंत्र धंदाच होता.

आज साखळ्या मशीनवर विणल्या जातात, पदकं साच्यात ओतली जातात, आणि कारखान्यात धूळ खेचणारी यंत्रं आणि पाणी गाळणाऱ्या टाक्या असतात. उडालेलं बहुतेक सोनं परत मिळवलं जातं. त्यामुळे बिलातली आठ टक्के घट म्हणजे तुमच्या गंठणासाठी दीड ग्रॅमहून जास्त सोनं खरोखर वाया गेलं, असा अर्थ होत नाही. मग ती काय आहे? ती मजुरीच आहे, सोन्यात मोजलेली. सराफाला घाऊक व्यापाऱ्याकडून दागिना येतो तो याच भाषेत येतो. दागिना ९१.६ टंचाचा, पण त्याच्या घडणावळीसाठी वर अमुक टक्के सोनं, असा तो व्यवहार ठरतो. तोच पुढे गिऱ्हाइकाच्या बिलात घट म्हणून उतरतो. हातकामाच्या ठुशीत ही टक्केवारी जास्त असते आणि साध्या बांगडीत कमी, ते या दृष्टीने रास्तच आहे.

म्हणून घट लावणं ही फसवणूक, असं मी म्हणणार नाही. अडचण वेगळी आहे. मजुरी दोन ओळींत विभागली की गिऱ्हाईक एकच ओळ बघतं. दुकानदार म्हणतो, “मजुरी फक्त ४५० रुपये ग्रॅम,” आणि ते स्वस्त वाटतं. दुसऱ्या पेढीवर आम्हाला सांगितलं, “घट नाही, मजुरी सरसकट १२ टक्के.” भाची लगेच म्हणाली, “मावशी, बारा टक्के फार होतात गं!” तिथेच बाकावर बसून आम्ही दोन्ही एका मापात आणलं.

माप असं: करापूर्वीची बेरीज घ्यायची. त्यातून खड्यामण्यांची किंमत वजा करायची. त्यातून निव्वळ वजन गुणिले भाव वजा करायचं. जे उरतं ती खरी मजुरी, तिचं नाव बिलात काहीही असो. आमच्या पहिल्या बिलात २,३३,२२५ मधून २,६०० गेले, त्यातून साडेवीस ग्रॅमचे २,०५,००० गेले. उरले २५,६२५. हे २,०५,००० चे साडेबारा टक्के होतात. म्हणजे ‘फक्त ४५० रुपये’ वाली पेढी प्रत्यक्षात साडेबारा टक्के घेत होती आणि ‘बारा टक्के’ वाली बारा. तेवढ्याच वजनाच्या गंठणाला दुसरीकडे मजुरी २४,६०० झाली असती, हजारभर रुपये कमी. भाचीने आकडे पुन्हा लिहून पाहिले, आणि तरीही तिला पहिल्याच पेढीचं पदक आवडलं होतं. घ्यायचं तिला होतं, आणि आता ती हजार रुपये कशासाठी देते आहे हे तिला ठाऊक होतं.

हे माप सुटीच्या जाहिरातींनाही लागू पडतं. ‘मजुरीवर २५ टक्के सूट’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा कोणत्या मजुरीवर, हे विचारायचं. फक्त ९,२२५ वर असेल तर २,३०६ रुपये सुटतात. घट धरून २५,६२५ वर असेल तर ६,४०६ सुटतात.

मजुरीच्या ओळीत आणखी एक प्रश्न दडलेला असतो: ग्रॅममागे ४५० म्हणजे कोणत्या ग्रॅममागे? आमच्या बिलात ती निव्वळ साडेवीस ग्रॅमवर लावली होती, म्हणून ९,२२५. काही ठिकाणी ती घट मिळवलेल्या २२.१४० वर लावतात, तेव्हा ९,९६३ होते. आणि काही ठिकाणी ग्रॉसवर, म्हणजे काळ्या मण्यांच्याही प्रत्येक ग्रॅमला साडेचारशे रुपये, तेव्हा ११,१८७. ओवण्याची मेहनत असते, ती पटवेकऱ्याला द्यायला माझी ना नाही. पण ती ओवण्याची मजुरी म्हणून वेगळी सांगावी, काचेच्या वजनावर सोन्याची घडणावळ लावू नये.

टक्क्यांत लावलेल्या मजुरीबद्दल माझं एक मत आहे, ते इथे सांगते. भाव ५,००० असताना याच गंठणाची साडेबारा टक्के मजुरी १२,८१२ रुपये झाली असती. भाव दुप्पट झाला आणि मजुरी २५,६२५ झाली. गंठण तेच, तारेचे वेढे तेच, झाळायचे जोड तेच. भाव वाढला म्हणून कारागिराचं काम वाढत नाही, आणि त्याची रोजची कमाईही त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून भाव चढलेला असताना ग्रॅममागे ठरावीक रुपयांत मजुरी लावणारी पेढी मला जास्त सरळ वाटते, आणि टक्क्यांवाल्या पेढीवर मी याच मुद्द्यावर घासाघीस करते. मोठ्या खरेदीत दुकानदार एखाद-दोन टक्के सोडतात. सोन्याच्या भावात कुणी एक रुपया सोडत नाही, त्यामुळे बोलायचं ते मजुरीवरच.

कराची ओळ मग सोपी. २०१७ साली जीएसटी आल्यापासून तयार दागिन्यावर तीन टक्के कर आहे. बिलात तो दीड टक्का केंद्राचा आणि दीड टक्का राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. तयार दागिना विकत घेताना तो सोनं, घट, मजुरी आणि खडे या सगळ्या बेरजेवर तीन टक्के, असा एकदाच लागतो. मजुरीवर पाच टक्के ही गोष्ट वेगळी. तुम्ही स्वतःचं सोनं देऊन फक्त घडवून घेतलंत, तर त्या घडणावळीच्या पैशांवर पाच टक्के लागतात. हॉलमार्कचा आकार एका नगाला ४५ रुपये, आणि त्यावर अठरा टक्के कर धरून ५३.१० होतात. कुणी हॉलमार्कच्या नावाखाली एका नगाचे पाचशे मागितले तर हा आकडा आठवायचा.

जुनं सोनं घालून नवं घेतलं की इथे एक घोळ होतो. समजा, वरच्या गंठणासाठी भाचीच्या आईने एक लाखाचं मोडीचं सोनं दिलं. तर कर उरलेल्या रकमेवर लागेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कर नव्या दागिन्याच्या पूर्ण २,३३,२२५ वरच लागतो, आणि मग त्या एकूण रकमेतून मोडीचे पैसे वजा होतात. मोड देतानाही तिची वेगळी पावती घ्यायची. तिच्यावर ग्रॉस, खड्यांची वजावट, तपासलेली शुद्धता आणि निव्वळ वजन लिहिलेलं हवं. मोडीत खडे जास्त धरले गेले तर तेवढं तुमचंच सोनं कमी होतं. घेताना वजावट कमी आणि देताना वजावट जास्त, असं दोन्हीकडून होऊ शकतं, म्हणून जुन्या दागिन्याचं मूळ बिल बरोबर असेल तर त्यावरचा खड्यांचा आकडा समोर ठेवायचा.

“कच्च्या चिठ्ठीवर घ्या, सात हजार कर वाचेल,” असं कुणी ना कुणी सुचवतंच. आम्हालाही सुचवलं गेलं, दुकानातून नाही, एका नातेवाइकाकडून. मी नको म्हटलं. त्या सात हजारांत निव्वळ वजन लिहिलेला कागद जातो, एचयूआयडीशी जुळणारं बिल जातं, आणि शुद्धता कमी निघाली तर दुप्पट भरपाई मागायचा आधार जातो. माझ्या झुब्यांच्या वेळी कर वाचवला नव्हता, तरी नुसत्या अर्धवट बिलामुळे एक ग्रॅम नऊशे गेले.

भाचीला मी एक शेवटचा हिशेब करून दाखवला, तिला घाबरवायला नाही, नीट कळावं म्हणून. गंठण घेऊन दुसऱ्याच दिवशी ते मोडलं आणि पूर्ण भाव मिळाला असं धरलं, तरी २,०५,००० मिळतील. दिलेले २,४०,२७५. मधले ३५,२७५ म्हणजे घट, मजुरी, खडे, मणी, कर आणि शिक्का. हे परत येत नाहीत, आणि यायचेही नसतात. ती घालण्याची, मिरवण्याची, कुणाच्या तरी हातच्या कामाची किंमत आहे. पण जे परत येणार आहे ते साडेवीस ग्रॅम, आणि तो आकडा बिलावर छापलेला आहे.

घरी आल्यावर तिने बिलाचा फोटो काढला, कारण त्या बिलांची शाई काही वर्षांत पुसट होते. मग मूळ बिल, दोऱ्याची चिठ्ठी आणि मण्यांचा हिशेब लिहिलेला कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून डबीच्या तळाशी ठेवला. डबीच्या झाकणावर तिने पेनने लिहिलं: नेट २०.५००.